चहा स्वस्त झाला होता, मग बुडवला का?

वाटसरू

नमस्कार मंडळी. सध्या मुलाकडे बोस्टनजवळ मुक्काम आहे. रविवारी नातीने हट्टाने बंदरावरच्या त्या प्रसिद्ध चहाच्या बोटीवर नेलं. १७७३ मध्ये बोस्टनकरांनी जिच्यावरून इंग्रजांचा चहा समुद्रात फेकला, तिची ही अर्थातच नक्कल आहे. तिथे पर्यटकांच्या हातात दोरीला बांधलेली खोटी पेटी देतात, ती आरोळी ठोकून पाण्यात फेकायची आणि मग आपणच दोरीने वर ओढायची. मीही फेकली. ओढताना कंबर धरली, ते असो.

तिथला माणूस बोलता बोलता म्हणाला, की १७७३ च्या कायद्यामुळे अमेरिकेत चहा महाग नव्हे, स्वस्त होणार होता. मी थबकलो. शाळेत आपण "इंग्रजांनी चहावर जाचक कर लादला" असंच घोकलं होतं. तेव्हापासून तीन प्रश्न डोक्यात घोळतायत.

स्वस्त चहा बुडवला का? "प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" ही त्यांची घोषणा होती, तर लंडनच्या पार्लमेंटात दहा-वीस खासदार दिले असते तर भांडण मिटलं असतं का? आणि स्वातंत्र्याचा जाहीरनामा १७७६ चा, राज्यघटना १७८७ ची, मधली अकरा वर्षं ही मंडळी काय करत होती?

मी बँकेत जन्म काढलेला माणूस, इतिहासाचा विद्यार्थी नव्हे. जरा सोपं करून सांगा.

कोकणकडा

काका, सोपं आहे. इंग्रजांनी आधीच्या युद्धाचं कर्ज फेडायला कर वाढवले, त्यात चहा आला. आसामचा चहा ईस्ट इंडिया कंपनी तिकडे नेऊन विकायची. लोक चिडले, चहा फेकला, युद्ध झालं, स्वातंत्र्य मिळालं, घटना लिहिली. खासदार दिले असते तर नक्कीच मिटलं असतं. घोषणेतच लिहिलंय ना.

पिंपळपार

कोकणकडा, युद्धाच्या कर्जाचं बरोबर. बाकीच्यात थोडी दुरुस्ती. तो चहा चीनचा होता. आसामच्या चहाचा व्यापार सुरू व्हायला अजून साठेक वर्षं होती.

वाटसरू, तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर लोकांना पटत नाही. त्यांना पार्लमेंटात खासदार नकोच होते. स्टॅम्प कायद्याविरुद्ध ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे लोक जमले, तेव्हा त्यांनी ठरावातच लिहून टाकलं, की आम्हाला पार्लमेंटात प्रतिनिधित्व नाही आणि आमची परिस्थिती अशी आहे की ते असूही शकत नाही. समुद्रापलीकडे दोन-दोन महिन्यांच्या प्रवासावर बसलेला आपला खासदार आपला राहणार नाही, आणि शेकडो इंग्रज खासदारांत आपले मूठभर बसवले की कराला संमती मिळाली असं म्हणायला इंग्लंड मोकळं, हे त्यांना दिसत होतं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. आमच्यावर कर बसवायचा तर तो आमच्याच विधानसभांनी.

आणि याला पुरावा आहे. स्टॅम्प आपल्याला नवा नाही, खरेदीखत करायला गेलं की कळतंच. १७६५ चा कायदा तसाच होता. दस्तऐवज, परवाने, वर्तमानपत्रं, सगळं लंडनहून आलेल्या शिक्क्याच्या कागदावर. पत्त्यांच्या कॅटवर एक शिलिंग, पदवीच्या कागदावर दोन पौंड. यावर बोस्टनमध्ये ऑगस्टमध्ये स्टॅम्प विकणाऱ्या अधिकाऱ्याचा पुतळा झाडाला टांगला, आणि काही दिवसांनी उपराज्यपाल हचिन्सनचं घर लुटून भुईसपाट केल्यासारखं केलं. पण त्याच मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने १७५५ मध्ये स्वतः स्टॅम्प कर लावला होता. तेव्हा कुणाच्या घराची कौलंही हलली नाहीत. कर तोच, लावणारा हात वेगळा.

कोकणकडा

आसामबद्दल मान्य, घाईत लिहिलं. पण मग इंग्रजांचं म्हणणं तरी काय होतं? उघड अन्यायच होता ना?

पिंपळपार

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. ते म्हणत, मँचेस्टरला तरी कुठे खासदार आहे? बर्मिंगहॅमला? तरी ते कर भरतातच. पार्लमेंटातला प्रत्येक खासदार साऱ्या साम्राज्याचा, त्यामुळे तुमचंही प्रतिनिधित्व आपोआप झालंच. गंमत म्हणजे त्याच काळात ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते. अमेरिकन लोकांनी याचं उत्तर दिलं ते साधं होतं. मँचेस्टरवर कर बसला तर तो लावणाऱ्या खासदाराच्या शेजाऱ्यावर, कुळावर, कदाचित त्याच्या स्वतःवरही बसतो. आमच्यावर बसला की त्याचा तेवढा कर उलट कमी होतो. हितच उलटं असेल तर प्रतिनिधित्व कसलं?

बिनधास्त बंड्या

हे तर आमच्या सोसायटीचं झालं. मी भाडेकरू. देखभाल खर्च माझ्या खिशातून, मत मालकाचं, आणि मालक दुबईत. मागच्या सभेत लिफ्टऐवजी प्रवेशद्वाराला ग्रॅनाइट बसवायचं ठरलं. मी पाण्यात काय फेकू? 😀

सुमेधा न्यूजर्सी

बंड्या, ग्रॅनाइट फेक, बुडेल लगेच.

गमतीचा भाग सोडा. मी इथे पंधरा वर्षं आहे. पगारातून केंद्राचा कर, राज्याचा कर, सोशल सिक्युरिटी, घराचा कर, सगळं जातं. ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, मताचा हक्क नाही. मुलाच्या शाळेत ही घोषणा फळ्यावर लिहिलेली बघते तेव्हा हसू येतं. आणि मी तरी परकी. वॉशिंग्टन शहरातले लोक तर नागरिक. ते अध्यक्षाला मत देतात, पण काँग्रेसमध्ये त्यांना मतदान करणारा सदस्य नाही. तिथल्या गाड्यांच्या नंबर प्लेटवरच ही तक्रार छापलेली असते.

वाटसरू

सुमेधाताई, ती प्लेट मी पाहिली. मला वाटलं गाडीवाल्याने हौसेने लावली असेल.

पिंपळपार, खासदारांचं कळलं. आता चहा?

पिंपळपार

चहा सांगतो, पण त्याआधी पैसा कुठे जायचा ते बघा, नाहीतर काही कळत नाही.

स्टॅम्प कायदा १७६६ मध्ये मागे घेतला. पण त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा कायदा केला, की वसाहतींवर आम्ही कुठल्याही बाबतीत कायदा करू शकतो. १७६७ मध्ये काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर जकात आली. तीही बहिष्कारामुळे १७७० मध्ये काढली, फक्त चहावरची ठेवली, पौंडभर चहामागे तीन पेन्स. हक्क शाबूत आहे हे दाखवायला. आणि त्या पैशातून राज्यपाल आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायचे ठरलं.

इथे खरी मेख आहे. तोवर राज्यपाल नेमायचा राजा, पण मॅसॅच्युसेट्समध्ये त्याचा पगार दरवर्षी विधानसभा मंजूर करायची. राज्यपाल फार ताठला की पगार लांबायचा. लोकांच्या हातात असलेला तो एकच लगाम होता. चहाच्या जकातीतून पगार सुटायला लागला की तो लगाम तुटला. त्यामुळे स्वस्त चहाचा प्रत्येक कप पिताना आपण आपल्याच राज्यपालाला आपल्यापासून मोकळं करतोय, असा हिशेब होता.

१७७३ च्या कायद्याने कंपनीला चहा थेट अमेरिकेला पाठवायची मुभा दिली आणि इंग्लंडमधली जकात परत दिली. कंपनी गळ्यापर्यंत बुडाली होती. बंगालच्या दुष्काळानंतर वसुली आणि खर्चाचा मेळ बसेना, लंडनच्या गोदामांत चहा पडून होता. म्हणून हा स्वस्त चहा. तीन पेन्स मात्र कायम. आणि विक्रीची एजन्सी निवडक लोकांना, ज्यात राज्यपाल झालेल्या हचिन्सनचे दोन मुलगे. चोरून आणलेला डच चहा विकणारे व्यापारी आणि कायदेशीर पण एजन्सी न मिळालेले व्यापारी, दोघेही एकाच वेळी बुडणार होते. तत्त्व आणि धंदा एकाच बाजूला आले की आंदोलनाला पैसा कमी पडत नाही.

मैत्रेयी

पिंपळपार, हे छान लिहिलंत. तारखांची एक गोष्ट घालते, कारण त्यातूनच चहा "बुडवायची" वेळ का आली ते दिसतं.

डार्टमथ हे पहिलं जहाज २८ नोव्हेंबरला आलं. नियम असा, की आल्यापासून वीस दिवसांत जकात भरली नाही तर माल जप्त. म्हणजे १७ डिसेंबरला सरकार चहा उतरवून घेणार. एकदा तो किनाऱ्यावर आला की जकात भरली गेलीच समजा. बोस्टनकर म्हणत होते, जहाज आहे तसं परत पाठवा. जहाजमालक तयार होता. पण राज्यपालाच्या परवानगीशिवाय जहाज बंदराबाहेर जाऊ शकत नव्हतं, आणि हचिन्सन म्हणाला, जकातीची पावती दाखवल्याशिवाय परवानगी नाही.

१६ डिसेंबरला जुन्या चर्चमध्ये हजारो लोक बसून होते. जहाजमालकाला शेवटचा प्रयत्न म्हणून मिल्टनला, हचिन्सनच्या घरी, पाठवलं होतं. तो अंधार पडल्यावर नकार घेऊन आला. त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडल्या. ओहोटी होती. चहा पाण्यात बुडेना, चिखलात ढीग साचले, ते ढकलावे लागले. बाकी कशाला हात लावला नाही.

न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियात जहाजं परत गेली. चार्ल्सटनमध्ये वीस दिवस उलटले, सरकारने चहा जप्त करून तळघरात ठेवला, आणि पुढे क्रांतिकारकांनी तो विकून पैसे लढाईला वापरले. म्हणजे सगळीकडे बुडवला नव्हता. बोस्टनमध्येच राज्यपाल हट्टाला पेटला, कारण त्याच्या घरचा धंदा त्यात होता, असं मला वाटतं. पण हे माझं मत.

लेखापाल

मी कोषागारात नोकरी केली, त्यामुळे पगार थांबवण्याची ताकद काय असते ते जाणतो. 😀 पुढचं सांगा. तिसरा प्रश्न राहिलाय.

पिंपळपार

तिसरा प्रश्न मला सगळ्यात आवडता. मी एकाच गावाची गोष्ट सांगतो. वूस्टर, बोस्टनपासून साधारण चाळीस मैल पश्चिमेला.

चहाबद्दल शिक्षा म्हणून पार्लमेंटने १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद केलं. त्याहून गंभीर म्हणजे मॅसॅच्युसेट्सची सनद बदलली. राज्यपालाचं मंडळ आता राजा नेमणार, आणि परवानगीशिवाय वर्षातून एकापेक्षा जास्त गावसभा नाही. बंदराशी शेतकऱ्यांना देणंघेणं नव्हतं, गावसभेशी होतं. ६ सप्टेंबर १७७४ ला राजाच्या नावाने चालणारं न्यायालय वूस्टरला बसायचं होतं. सदतीस गावांचे साडेचार हजारांवर लोक जमले. न्यायाधीशांना कचेरीत शिरू दिलं नाही. रस्त्याच्या दुतर्फा रांगा लावल्या, आणि न्यायाधीशांना हातात टोप्या घेऊन त्या रांगांमधून चालत, आपण हे काम सोडत असल्याचं पुन्हा पुन्हा वाचून दाखवायला लावलं. सगळ्यांना ऐकू गेलं पाहिजे ना! गोळी सुटली नाही. लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायच्या सात महिने आधी तिथलं इंग्रजी राज्य संपलं होतं.

आता बारा वर्षं पुढे या. सप्टेंबर १७८६, तेच वूस्टर. न्यायालय बसणार, दारात पुन्हा शेतकरी, पुन्हा संगिनी. न्यायाधीश होता आर्टेमस वॉर्ड, १७७५ मध्ये बोस्टनला वेढा घालणाऱ्या सैन्याचा पहिला सेनापती. त्याच्या छातीला संगिनी टेकवल्या. त्याने बराच वेळ समजावलं, ते हलले नाहीत. मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांचीच फौज, बोलावली तर ती आलीच नाही, कारण मिलिशियावाल्यांचीही सहानुभूती समोरच्यांनाच होती.

राजा नव्हता, पार्लमेंट नव्हतं. मग कशावरून? करावरूनच.

वाटसरू

अहो, हे मला माहीतच नव्हतं. स्वतःच्याच सरकारविरुद्ध?

पिंपळपार

हो. युद्धात सैनिकांना पगाराऐवजी वचनचिठ्ठ्या मिळाल्या होत्या. गरजेपोटी त्यांनी त्या किरकोळ भावात विकल्या, बोस्टन आणि आसपासच्या सट्टेवाल्यांनी घेतल्या. मग राज्य सरकारने ठरवलं, की चिठ्ठीवर छापलेली पूर्ण रक्कम फेडायची, आणि त्यासाठी कर वसूल करायचा, तोही नाण्यांत. बँकेतल्या माणसाला पुढचं सांगायला नको. ज्याने चिठ्ठी विकली, त्याच्याच बैलावर जप्ती, आणि तो पैसा जाणार ज्याने ती विकत घेतली त्याच्याकडे. गावात नाणं दिसत नव्हतं. न्यायालय बंद पाडलं की जप्तीचा हुकूम निघत नाही, म्हणून न्यायालय.

आणि प्रतिनिधित्व? ते होतं, कागदावर. पण प्रतिनिधीला बोस्टनला पाठवायचा खर्च गावाने करायचा, म्हणून पश्चिमेकडची कितीतरी गरीब गावं कुणाला पाठवतच नसत. ऑगस्ट १७८६ मध्ये हॅटफील्डला पन्नास गावांचे लोक जमले आणि तक्रारींची यादी केली. त्यात कर आहे, कागदी चलनाची मागणी आहे, आणि विधिमंडळ बोस्टनमध्ये का भरतं, हीसुद्धा तक्रार आहे.

सरकारची बाजू मांडणाऱ्यांत पुढे कोण, तर सॅम्युएल अॅडम्स, चहाच्या वेळचा म्होरक्या. राजाविरुद्धचं बंड माफ होऊ शकतं, पण प्रजासत्ताकाविरुद्ध उठणाऱ्याला फाशीच हवी, असं त्याचं म्हणणं. तोही एके काळी बोस्टनचा करवसुली अधिकारी होता आणि त्याच्या वसुलीत हजारो पौंड थकले होते, हे जाता जाता.

मैत्रेयी

शेवट मी सांगते. बंडवाल्यांचा एक नेता डॅनियल शेज, बंकर हिल आणि साराटोगाला लढलेला कॅप्टन. २५ जानेवारी १७८७ ला हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. दुसऱ्या तुकडीचा नेता ल्यूक डे याने निरोप पाठवला होता, की मी आज नाही, उद्या येतो. निरोप वाटेतच सरकारी लोकांच्या हाती पडला. शेजला कळलंच नाही. तो एकटाच गेला, तोफेचा मारा झाला, चार जण गेले, बाकी पांगले. राज्याच्या तिजोरीत सैन्याला पैसे नव्हते, म्हणून जनरल लिंकनची फौज बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून उभी केली होती. ती फेब्रुवारीच्या हिमवादळात रात्रभर चालून पीटरशॅमला पोचली आणि बंड मोडलं.

काही महिन्यांत निवडणूक झाली आणि कडक राज्यपाल बोडन पडला. कर कमी केले, बहुतेकांना माफी मिळाली. हे महत्त्वाचं, नाहीतर नुसतं दडपशाहीचं चित्र राहतं.

कोकणकडा

म्हणजे या बंडामुळे घाबरून घटना लिहिली. कळलं आता.

मैत्रेयी

असं सरळ मी म्हणणार नाही. घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या परिषदेची हाक अॅनापोलिसच्या बैठकीतून १४ सप्टेंबर १७८६ लाच दिली गेली होती. तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये नुकती कुठे न्यायालयं बंद पडत होती. मूळ दुखणं आधीचं. १७८१ पासून जे संघराज्य होतं, त्याच्या काँग्रेसला कर लावायचा अधिकारच नव्हता. ती राज्यांकडे मागणी पाठवायची, राज्यं वाटेल तेव्हा वाटेल तेवढं द्यायची. आयात मालावर शेकडा पाच जकात मागितली, त्याला तेराही राज्यांची संमती लागायची. १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नाही म्हटलं, संपलं. पुढे तसाच दुसरा प्रयत्न १७८६ मध्ये न्यूयॉर्कपाशी अडला. १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला वेढलं तेव्हा काँग्रेस प्रिन्स्टनला निघून गेली.

पिंपळपार

हे सगळं मान्य, पण बंड नसतं तर किती जण आले असते? अॅनापोलिसला पाचच राज्यांचे लोक आले होते. काँग्रेसने फिलाडेल्फियाच्या परिषदेला संमती दिली ती २१ फेब्रुवारी १७८७ ला, पीटरशॅमनंतर. निवृत्त झालेला वॉशिंग्टन घराबाहेर पडला त्यात बंडाच्या अतिरंजित बातम्यांचा हात होता.

मैत्रेयी

व्हर्जिनियाने तर डिसेंबर १७८६ मध्येच आपले प्रतिनिधी नेमले होते, त्यात वॉशिंग्टनचं नाव होतं. हा वाद इतिहासकारांतही चालूच आहे. इथे मिटणार नाही, सोडून देऊ.

सुमेधा न्यूजर्सी

मला घटनेतला तो तीन-पंचमांश गुलामांचा प्रकार कधीच नीट कळला नाही. मुलाने विचारलं, "गुलामाला ते पाचांपैकी तीन भागच माणूस मानायचे का?" मी म्हटलं, बहुतेक.

मैत्रेयी

सुमेधा, बहुतेक सगळ्यांचा तोच समज. पण हे गणित जन्मलं करातून. १७८३ मध्ये राज्यांनी खर्चाचा वाटा लोकसंख्येवर द्यावा असा प्रस्ताव आला. तेव्हा दक्षिणेकडचे म्हणाले, गुलाम कमी मोजा, आम्हाला कर कमी पडेल. उत्तरेकडचे म्हणाले, जास्त मोजा. घासाघीस होऊन तीन-पंचमांश ठरलं, प्रस्ताव मात्र बारगळला. १७८७ मध्ये प्रश्न आला प्रतिनिधी किती हा, आणि दोघांनी जागा बदलल्या. आता दक्षिण म्हणते जास्त मोजा, उत्तर म्हणते कमी. शेवटी जुलैमध्ये असं जुळवलं, की प्रतिनिधी आणि प्रत्यक्ष कर, दोन्ही एकाच मापाने. जास्त जागा हव्यात तर जास्त कर भरा. ऐकायला फार न्याय्य वाटतं.

प्रत्यक्षात काय झालं, ते व्हर्जिनियावर करून बघा. १७९० च्या जनगणनेत तिथे साधारण ७ लाख ४८ हजार लोक, त्यात २ लाख ९३ हजार गुलाम. स्वतंत्र लोक ४ लाख ५५ हजार. गुलामांचे तीन-पंचमांश १ लाख ७६ हजार. बेरीज ६ लाख ३१ हजार. ३३ हजारांमागे एक जागा, म्हणजे १९. गुलाम मोजलेच नसते तर १३. सहा जागा अशा माणसांच्या नावावर, ज्यांना मत तर नाहीच, उलट त्यांना विकणारा माणूसच त्यांचं मत वापरतोय. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलाम शून्य नोंदले गेले, तेव्हा त्यातच असलेला मेनचा भाग धरून पावणेपाच लाखांना १४ जागा. आणि कर? प्रत्यक्ष कर पहिल्यांदा लावला तोच १७९८ मध्ये, पुढेही क्वचित. केंद्र चाललं जकातीवर. म्हणजे जागा दर निवडणुकीला मिळाल्या, आणि त्यांची किंमत मोजायची वेळ जवळजवळ आलीच नाही.

सुमेधा न्यूजर्सी

बाप रे. मुलाला हे गणित करायला लावते.

लेखापाल

यावरून आठवलं. महात्मा फुल्यांनी १८७३ ची गुलामगिरी अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेले लोक होते. घटना लिहिणारे नव्हेत. हा फरक आता लक्षात आला.

बाकी माझ्या कामाचा मुद्दा. त्यांच्या घटनेत कराची विधेयकं खालच्या सभागृहातच मांडायची असं आहे ना? आपल्याकडेही धनविधेयक लोकसभेतच.

पिंपळपार

बरोबर, पहिल्या कलमाच्या सातव्या भागात. पण आपल्याकडे राज्यसभा चौदा दिवसांत शिफारशी करू शकते, बास. त्यांच्या सिनेटला करविधेयकात हवे ते बदल करता येतात. तिथे छोट्या राज्यांना समान दोन जागा द्यायच्या बदल्यात मोठ्या राज्यांना दिलेली ही सवलत होती, आणि ती बरीचशी पोकळ निघाली. आठव्या भागात मात्र काँग्रेसला थेट कर लावायचा अधिकार मिळाला, आणि ऱ्होड आयलंडसारखं एकटं राज्य आता काही अडवू शकत नव्हतं. त्या ऱ्होड आयलंडने परिषदेला माणूसच पाठवला नव्हता. घटना मान्य केली ती १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

मॅसॅच्युसेट्समध्ये फेब्रुवारी १७८८ ला १८७ विरुद्ध १६८. वूस्टर परगण्यातले बहुतेक जण विरोधात.

बिनधास्त बंड्या

मग शेवटी कर भरला का त्यांनी की नाही?

पिंपळपार

पश्चिम पेनसिल्व्हेनियाला विचार. १७९१ मध्ये नव्या केंद्राने दारूवर अबकारी लावली. तिकडचा शेतकरी धान्य डोंगरापलीकडे नेता येत नाही म्हणून त्याची व्हिस्की करून नेत असे, नाणं हातात नाही, पुन्हा तेच. १७९४ मध्ये त्यांनी वसुली अधिकाऱ्याचं घर जाळलं. यावेळी वॉशिंग्टन स्वतः जवळपास तेरा हजारांची मिलिशिया घेऊन निघाला. लढाई झालीच नाही. पण त्या करापैकी डोंगराळ भागातून वसूल किती झाला ते विचारू नकोस.

कोकणकडा

अवांतर : अमेरिकेतल्या युद्धात यॉर्कटाउनला शरण आलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे इकडेच आला ना?

पिंपळपार

हो, १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून. टिपूविरुद्धच्या १७९० ते ९२ च्या युद्धात पेशवे आणि निजाम त्याच्या बाजूने होते. यॉर्कटाउनच्या वेळी मात्र, १७८१ मध्ये, मराठ्यांशी इंग्रजांचं युद्ध अजून चालू होतं. पण तो वेगळा धागा होईल.

वाटसरू

सगळ्यांचे आभार. मुलाला म्हटलं, शनिवारी वूस्टरला जाऊ. तो म्हणाला, बाबा, तिथे बघण्यासारखं काय आहे? म्हटलं, कचेरीचं दार.